उजळ आकाशावर आणि काळ्या कातळावर सारखाच वाचता येणारा वॉटरमार्क

प्रश्न : मी सह्याद्रीतले फोटो काढतो आणि कोपऱ्यात माझे नाव अर्धपारदर्शक टाकतो. पांढरे ठेवले तर आकाशावर दिसत नाही, काळे ठेवले तर कातळावर दिसत नाही, आणि राखाडी ठेवले तर कुठेच धड दिसत नाही. एकाच फोटोत आकाश आणि कातळ दोन्ही असतात. दर फोटोला वेगळा रंग न निवडता हे कसे जमवावे? नाव मराठीतच हवे आहे.

उत्तर : एका रंगाने हे जमणार नाही. अक्षर पांढरे ठेवावे, त्याला भोवताली काळी, बारीक पण स्पष्ट कडेची किनार द्यावी, ही दोन्ही मिळून आधी पूर्ण अपारदर्शक अशी एकच खूण तयार करावी, आणि मग त्या संपूर्ण खुणेची अपारदर्शकता एकाच वेळी ४५ टक्क्यांच्या आसपास आणावी. या क्रमाला फार महत्त्व आहे. तो का पाळावा लागतो हे एकदा आकड्यांत पाहिले की बाकीचे निर्णय आपोआप सुचतात.

उदाहरणासाठी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर संध्याकाळी काढलेला फोटो घेऊ. पिक्सेलचा उजळपणा ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा असा मोजला, तर मावळतीकडचे आकाश साधारण २३५ आणि सावलीतला कडा साधारण ३० असा भरतो. अर्धपारदर्शक रंग चढवताना संगणक फक्त एक मिश्रण करतो : अपारदर्शकता ४५ टक्के असेल तर ४५ भाग खुणेचा रंग आणि ५५ भाग खालचा फोटो. पांढरे अक्षर आकाशावर ठेवले की उत्तर येते २४४, म्हणजे आकाशापेक्षा अवघे ९ ने जास्त. तेच अक्षर कड्यावर ठेवले की १३१ येते, म्हणजे कड्यापेक्षा १०१ ने जास्त. काळ्या अक्षराची गोष्ट नेमकी उलट आहे. आकाशावर ते १०६ ने वेगळे दिसते आणि कड्यावर जेमतेम १३ ने. इथे बरेच जण अपारदर्शकता वाढवून पाहतात, पण त्याने काम होत नाही, कारण पांढरे अक्षर १०० टक्के अपारदर्शक केले तरी २३५ च्या आकाशापेक्षा ते फार तर २० ने उजळ होऊ शकते. तिथे पांढऱ्याला वर जायला जागाच उरलेली नसते.

राखाडीचे दुखणे वेगळे आहे. मधला राखाडी, म्हणजे १२८, त्याच अपारदर्शकतेने लावला तर आकाशावर सुमारे ४८ चा आणि कड्यावर सुमारे ४४ चा फरक मिळतो. दोन्हीकडे दिसते, पण निम्म्या जोराने. आणि जिथे फोटो स्वतःच १२८ च्या आसपास असतो, म्हणजे वाळलेले गवत, धुके भरलेली दरी, उन्हातली मातीची वाट, तिथे फरक शून्य होऊन अक्षर पूर्ण नाहीसे होते. आपल्याला ते कुठेच धड दिसत नाही, त्याचे कारण हेच आहे.

आता पांढरे अक्षर आणि काळी किनार एकत्र ठेवून तोच हिशेब करू. आकाशावर अक्षराचा गाभा २४४ आणि किनार १२९. कड्यावर गाभा १३१ आणि किनार १६. वाळलेल्या गवतावर गाभा १८५ आणि किनार ७०. तिन्ही ठिकाणी गाभा आणि किनार यांच्यातला फरक ११५ च आहे, आणि हा योगायोग नाही. दोन्हींखाली फोटोचा ५५ टक्के भाग सारखाच राहतो, म्हणून वजाबाकीत तो उडून जातो आणि उरतो तो २५५ चा ४५ टक्के हिस्सा. खालचा फोटो कसाही असो, हा फरक बदलत नाही. एकरंगी अक्षर आपला उठाव फोटोकडून उसना घेते. दुरंगी अक्षर तो स्वतःबरोबर घेऊन येते. आकाश अगदी २५५ झाले, म्हणजे ढगाचा भाग पूर्ण जळून पांढरा पडला, तर गाभा त्यात मिसळून जातो हे खरे, पण किनार १४० वर उभी राहते आणि अक्षर पोकळ रेषाचित्रासारखे तरीही वाचता येते.

या समानतेसाठी एक अट आहे : गाभा आणि किनार यांची अपारदर्शकता एकच असली पाहिजे, आणि गाभ्याखाली किनारीचा काळा रंग झिरपता कामा नये. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. समजा आपण आधी किनारीसाठी थोडे जाड काळे अक्षर ४५ टक्क्यांनी फोटोवर उमटवले आणि त्याच्यावर पांढरे अक्षर पुन्हा ४५ टक्क्यांनी उमटवले. दिसायला कृती तीच वाटते, पण पांढऱ्याखाली आता आकाश नसून काळ्याने मळलेले आकाश आहे. आकाशावरचा गाभा २४४ ऐवजी १८६ येतो, किनार १२९ च राहते, आणि फरक ११५ वरून ५७ वर घसरतो. कड्यावर मात्र तो १०७ म्हणजे जवळजवळ पूर्ण राहतो. अशी खूण ओळखणे सोपे आहे : अंधाऱ्या भागात ती स्वच्छ पांढरी दिसते आणि उजळ भागात तिचा गाभा मळकट राखाडी दिसतो. तसे दिसले की पारदर्शकता दोन वेळा लागली आहे असे समजावे.

मिश्रणाच्या तयार पद्धतींविषयीही इथेच सांगतो, कारण त्या सुचवणारे पुष्कळ भेटतात. Overlay आणि Soft Light या पद्धती मधल्या छटांवर सुंदर काम करतात, पण खालचा पिक्सेल पूर्ण पांढरा किंवा पूर्ण काळा असेल तर त्या त्याला हातच लावत नाहीत; म्हणजे आपल्याला अडचण येते त्या दोन टोकांनाच त्या निकामी ठरतात. Difference ही पद्धत पांढऱ्या अक्षराखालचा फोटो उलटा करते, त्यामुळे टोकांना ती ठसठशीत दिसते, पण १२८ चा उलट १२७ असल्याने मधल्या छटांवर अक्षर पुसले जाते. शिवाय निळ्या आकाशावर पिवळट-तपकिरी अक्षरे उमटतात. साध्या, म्हणजे Normal मिश्रणातच राहावे असे माझे स्पष्ट मत आहे.

नाव मराठीत असल्यामुळे एक अडचण वाढते, आणि इंग्रजी अक्षरांसाठी लिहिलेल्या सूचनांत तिचा उल्लेख सापडत नाही. देवनागरीत शिरोरेषा ही एक सलग रेषा दिसत असली तरी फॉन्टमध्ये ती प्रत्येक अक्षराची स्वतंत्र असते, आणि शेजारची अक्षरे जोडलेली दिसावीत म्हणून त्या रेषा टोकांना एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. अक्षराचा रंगच अर्धपारदर्शक निवडला, तर अनेक प्रोग्राम एकेक अक्षर सुटे उमटवतात आणि जिथे दोन शिरोरेषा एकमेकींवर चढतात तिथे रंग दोनदा बसतो. मी सुरुवातीच्या काळात एका संस्थेच्या कार्यक्रमाचे सुमारे ४०० फोटो अशाच पद्धतीने तयार करून दिले होते. छोट्या पडद्यावर काही कळले नाही. मोठे करून पाहिल्यावर प्रत्येक दोन अक्षरांच्या मध्ये शिरोरेषेवर एकेक उजळ ठिपका, जणू दोरीला गाठी मारल्यासारखा. सगळे फोटो पुन्हा करावे लागले. किनारीचेही तसेच होते : प्रत्येक अक्षराला स्वतंत्र किनार काढली गेली तर शिरोरेषेच्या आत, जोडाच्या जागी, उभ्या काळ्या चिरा पडतात आणि शब्द तुटक दिसतो.

यावरचा उपाय आपण आधी पाहिलेल्या क्रमातच आहे. अक्षरे पूर्ण अपारदर्शक पांढरी उमटवली की जोडावर रंग दोनदा बसला तरी पांढऱ्यावर पांढरेच दिसते. मग किनार फॉन्टकडून काढून न घेता, तयार झालेल्या संपूर्ण शब्दाच्या आकाराला सर्व बाजूंनी तीन पिक्सेल फुगवून मिळवावी. फुगवताना संगणकाला अक्षरे दिसत नाहीत, फक्त शब्दाची एक सलग आकृती दिसते. त्यामुळे आतल्या चिरांचा प्रश्नच येत नाही. पारदर्शकता शेवटी.

मी हे काम ImageMagick या मोफत प्रोग्रामने करतो, कारण शेकडो फोटोंना एकच खूण अगदी एकसारखी लावता येते. सुरू करण्याआधी एक तपासणी मात्र करावी. टर्मिनलमध्ये `magick -version` असे लिहिल्यावर शेवटी Delegates अशी यादी येते. तिच्यात `raqm` हे नाव असले पाहिजे. देवनागरीची जोडाक्षरे जुळवण्याचे आणि वेलांट्या जागेवर बसवण्याचे काम त्याच्याकडे असते. ते नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते, रफार सुटतो आणि "क्ष" चे "क्‌ष" होते. `raqm` नसून `pangocairo` असेल तर पुढच्या आज्ञेत `label:` च्या जागी `pango:` लिहावे आणि फॉन्टच्या फाइलऐवजी संगणकावर बसवलेल्या फॉन्टचे नाव द्यावे.

फॉन्ट म्हणून मुंबईच्या एक टाइपने तयार केलेला मुक्त परवान्याचा 'मुक्ता' वापरायला हरकत नाही. त्याच्या रेषा जवळपास एकाच जाडीच्या आहेत, आणि ते महत्त्वाचे आहे, कारण जाड-बारीक वळणाच्या सुलेखनी फॉन्टमध्ये बारीक भागाचा गाभा किनारीपेक्षा अरुंद होतो आणि अर्धपारदर्शक झाल्यावर दिसेनासा होतो. वजन SemiBold ठेवावे. त्याहून जाड घेतले तर "श", "क्ष", "ळ" यांच्या आतल्या पोकळ्या किनारीने बुजतात.

खूण तयार करण्याची आज्ञा अशी :

```
magick -background none -fill white -font ./Mukta-SemiBold.ttf \
  -pointsize 72 label:'© तुमचे नाव' -bordercolor none -border 12 \
  \( +clone -channel A -morphology Dilate Disk:3 \
     -channel RGB -evaluate set 0 +channel \) \
  +swap -composite \
  -channel A -evaluate multiply 0.45 +channel khun.png
```

पहिल्या दोन ओळींत पारदर्शक पाटीवर पांढरे नाव उमटते आणि भोवती १२ पिक्सेल मोकळी जागा सोडली जाते. ती सोडली नाही तर फुगवलेली किनार पाटीच्या कडेला कापली जाते, आणि उकाराचा खालचा भाग हटकून अर्धा दिसतो. कंसातल्या भागात त्याच पाटीची एक प्रत काढून तिचा आकार तीन पिक्सेलने फुगवला जातो आणि रंग काळा केला जातो. `+swap` ने काळी प्रत खाली आणि पांढरी वर जाते, आणि `-composite` ने दोन्हींची एक पाटी होते. इथपर्यंत सगळे अपारदर्शक आहे. पारदर्शकता शेवटच्या ओळीत, एकदाच आणि संपूर्ण खुणेला लागते.

ही खूण फोटोवर ठेवताना :

```
mkdir -p tayar
for f in *.jpg; do
  magick "$f" -auto-orient -resize '2048x2048>' \
    khun.png -gravity southeast -geometry +50+50 -composite \
    -quality 90 "tayar/$f"
done
```

यातल्या दोन गोष्टींचे कारण सांगणे आवश्यक आहे. `-auto-orient` न दिल्यास कॅमेरा उभा धरून काढलेल्या काही फोटोंवर नाव आडवे होऊन बाजूच्या कोपऱ्यात चढते, कारण असा फोटो फाइलमध्ये आडवाच साठवलेला असतो आणि फक्त "मला फिरवून दाखवा" अशी नोंद त्याच्याबरोबर असते. दुसरी गोष्ट म्हणजे आधी फोटो लहान करावा आणि मग खूण लावावी, उलट कधीच करू नये. सहा हजार पिक्सेल रुंदीच्या मूळ फोटोवर तीन पिक्सेलची किनार देऊन तो नंतर २०४८ वर आणला, तर किनार एका पिक्सेलवर येते. एक पिक्सेलचा काळा आणि शेजारचा पांढरा एकमेकांत मिसळून राखाडी होतात, आणि आपण इतक्या काळजीने उभा केलेला ११५ चा फरक तिथेच हरवतो. फोटो `tayar` फोल्डरमध्ये वेगळे साठवले जातात हेही मुद्दाम आहे. मूळ फाइलवरच खूण उमटवून ठेवलेले फोटो नंतर छपाईसाठी मागितले गेले की पश्चात्ताप होतो.

मापांचा विचारही त्याच अंगाने करावा. २०४८ पिक्सेल लांब बाजूच्या फोटोवर ७२ चे अक्षर आणि ३ पिक्सेलची किनार हे प्रमाण मला बरोबर वाटते. असा फोटो मोबाइलवर साधारण एक हजार पिक्सेल रुंदीत दिसतो, म्हणजे अक्षर ३६ चे आणि किनार दीड पिक्सेलची उरते. ती पुरेशी आहे. किनार याहून बारीक होऊ देऊ नये. आपण फोटो १२०० पिक्सेलवरच आणणार असाल तर खूण लहान करून लावण्यापेक्षा ४४ चे अक्षर आणि २ पिक्सेलची किनार अशी वेगळी खूण तयार करावी.

अपारदर्शकता ४५ टक्केच का, याचेही उत्तर त्या वजाबाकीत आहे. २५ टक्के ठेवली तर गाभा आणि किनार यांच्यात ६४ चा फरक उरतो. आकाशासारख्या शांत भागात तो पुरेसा असतो आणि फोटोला त्रासही कमी होतो. १५ टक्क्यांना तो ३८ वर येतो, आणि मग फोटो पाठवताना होणारे जेपेग आकुंचन अक्षरांच्या कडा खाऊन टाकते. ५५ च्या वर गेले तर अर्धपारदर्शक ठेवण्याला अर्थ उरत नाही. मी शांत पार्श्वभूमीला ३५ आणि मिश्र पार्श्वभूमीला ४५ ठेवतो, आणि शंका असेल तर ४५.

रंगीत अक्षरांचा मोह टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. भगवे किंवा लाल नाव स्वतःच्या पडद्यावर छान दिसते, पण जेपेगमध्ये सहसा रंगाची माहिती उजळपणाच्या माहितीपेक्षा निम्म्या बारकाईने साठवली जाते, त्यामुळे रंगीत अक्षराच्या कडा फिसकटतात. पांढरा आणि काळा यांच्यात सगळा फरक उजळपणाचा असल्याने त्यांच्या कडा टिकतात.

टर्मिनल नको असेल तरी हाच क्रम पाळता येतो. फोटोशॉपमध्ये पांढऱ्या अक्षरांच्या लेयरला Stroke ही शैली द्यावी, तिची जागा Outside, रंग काळा आणि माप ३ पिक्सेल ठेवावे, आणि मग लेयरची Opacity ४५ करावी. शेजारीच असलेली Fill मात्र १०० च राहू द्यावी, कारण Fill फक्त अक्षराचा गाभा पारदर्शक करते आणि किनार पूर्ण काळी तशीच सोडते. गिंपमध्ये अक्षरांच्या लेयरवर Alpha to Selection करून, Select मधल्या Grow ने निवड ३ पिक्सेल वाढवावी, खाली नवा लेयर घेऊन ती काळ्याने भरावी, दोन्ही लेयर एका गटात घालावे आणि गटाची अपारदर्शकता कमी करावी. गटातल्या लेयरची वेगवेगळी कमी केली तर मघाशी पाहिलेला मळकट गाभा परत येतो. लाइटरूम वापरत असाल तर त्याच्या स्वतःच्या मजकुराच्या वॉटरमार्कमध्ये किनारीची सोय नाही, फक्त सावली आहे. म्हणून वर तयार केलेली `khun.png` चित्र म्हणून द्यावी आणि तिथली अपारदर्शकता १०० ठेवावी. फाइलमध्ये ४५ आणि लाइटरूममध्येही ४५ असे झाले तर प्रत्यक्षात २० टक्केच उरते, आणि "घरी दिसत होते, बाहेर पडल्यावर दिसेना" अशी तक्रार सुरू होते.

सावलीविषयी थोडे सांगतो, कारण किनारीऐवजी मऊ सावली देण्याची पद्धत फार रूढ आहे. मऊ सावली पसरट असते. अक्षराच्या अगदी कडेला, जिथे फरक सर्वांत जास्त हवा, तिथेच तिची घनता निम्म्याच्या आसपास आलेली असते. कड्यावर सावलीची गरजच नसते, आणि जळालेल्या पांढऱ्या ढगावर नुसती सावली असलेले अक्षर ओल्या बोटाच्या डागासारखे दिसते. किनार स्पष्ट कडेची असावी. तिच्या बाहेर शोभेपुरती सावली हवी असल्यास द्यावी.

खूण तयार झाल्यावर ती एकदम फोटोंवर न लावता काळ्या ते पांढऱ्या पट्टीवर तपासावी. त्यासाठी दोन ओळी पुरतात :

```
magick -size 300x1600 gradient:white-black -rotate 90 patti.png
magick composite -tile khun.png patti.png pariksha.png
```

या पट्टीवर नाव काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सर्व छटांवर पुन्हा पुन्हा उमटते. ती मोबाइलवर पाठवून, हात लांब धरून पाहावी. कुठल्याही एका छटेवर नाव पुसट होत असेल तर कारण लगेच कळते : फक्त उजळ टोकाला गाभा मळका दिसत असेल तर पारदर्शकता दोनदा लागली आहे, उजळ टोकाला नाव पूर्णच नाहीसे होत असेल तर किनार गळून गेली आहे, आणि सगळीकडे सारखेच फिके असेल तर अपारदर्शकता वाढवावी. शिरोरेषेवरच्या गाठीही इथेच, फाइल दुप्पट मोठी करून पाहिली की सापडतात.

फोटोचा कोपरा किती उजळ आहे हे मोजून त्यानुसार काळी किंवा पांढरी खूण आपोआप निवडणारे उपायही लोक लिहितात. कोपरा पूर्ण आकाश किंवा पूर्ण कातळ असेल तर ते चालतात. पण आपल्यासारख्या फोटोत नावाची अर्धी अक्षरे आकाशावर आणि अर्धी कड्यावर पडतात. सरासरी मधली येते, आणि निवड कोणतीही झाली तरी अर्धे नाव जाते.

दुरंगी खुणेलाही एका ठिकाणी मर्यादा आहे, आणि ती उजळपणाची नसून पोताची आहे. समोर कारवीची दाट झाडी असेल आणि तिच्या पानांवर ऊन चमकत असेल, तर काही पिक्सेलच्या अंतरात फोटो काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उड्या मारतो. खुणेखाली त्याचा ५५ टक्के भाग शिल्लक राहत असल्याने या उड्या १४० पर्यंतच्या असू शकतात, आणि आपला फरक ११५ आहे. अक्षराच्या रेषेइतक्याच जाडीची पाने असली की डोळ्याला रेषा कोणती आणि पान कोणते हे कळत नाही. इथे अपारदर्शकता वाढवण्याऐवजी मी खुणेखालच्या भागावर, तिच्या लांबी-रुंदीपेक्षा थोडी मोठी, कडा पूर्ण विरघळलेली अशी ३५ टक्के काळी छटा आधी देतो. तिने पानांच्या उड्या ६५ टक्क्यांवर येतात, त्यावर खूण बसली की त्या जास्तीत जास्त ९१ उरतात, आणि गाभा-किनारीचा फरक मात्र ११५ चा ११५ राहतो. ही छटा फक्त पोताच्या फोटोंनाच द्यावी. मोकळ्या आकाशावर ती धुराच्या पट्ट्यासारखी उठून दिसते, आणि तिथे तिचे काही कामही नसते.